कव्हर गाण्यासाठी नेमकी परवानगी कशाची?

‘हे गाणे कव्हर आहे का?’ ऑनलाइन वितरकाच्या अर्जात हा प्रश्न असतो आणि त्याच्याच आसपास आणखी एक चौकट असते: या गाण्यासाठी लागणारे सर्व हक्क माझ्याकडे आहेत. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांसारख्या सेवांवर एकट्या गायकाला आपले गाणे बहुधा थेट चढवता येत नाही. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर यांसारख्या वितरकामार्फत ते पाठवावे लागते. गायक पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, दुसऱ्या चौकटीवर खूण करतो आणि काही दिवसांत गाणे जगभर ऐकू येऊ लागते. गाणे वर चढले याचा अर्थ परवानगी मिळाली, असा त्याचा समज होतो. पण त्या खुणेने परवानगी मिळत नाही. परवानगी आपण आधीच घेतली आहे, असे त्या खुणेने आपण लिहून दिलेले असते. पुढे कोणी हरकत घेतली, तर वितरक हेच लेखी हमीपत्र आपल्यासमोर ठेवतो.

ही परवानगी कोणाची आणि कशासाठी, हे कळण्यासाठी गाण्याचे तीन भाग मनात वेगळे करावे लागतात. पहिला भाग शब्दांचा, दुसरा चालीचा आणि तिसरा आपण ऐकतो त्या ध्वनिमुद्रणाचा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या तिन्हींचे हक्क स्वतंत्र आहेत, त्यांचे मालक वेगवेगळे असू शकतात आणि त्यांची मुदतही वेगवेगळी असते. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवीच्या किंवा संगीतकाराच्या हयातीत असतो आणि त्याच्या मृत्यूचे वर्ष संपल्यावर पुढची ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क मात्र ते प्रसिद्ध झाल्याचे वर्ष संपल्यापासून ६० वर्षांचा असतो.

सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. १९६० साली निघालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०२० अखेर संपला, हे खरे. त्यावरून ‘जुनी गाणी आता मोकळी झाली’ असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. कव्हर करणारा गायक जुने ध्वनिमुद्रण वापरतच नाही. तो शब्द आणि चाल वापरतो. ‘गीतरामायण’ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १९५५ मध्ये सुरू झाले, म्हणजे सत्तर वर्षे होऊन गेली. पण ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. २०३८ साल उजाडले तरी त्यातले एखादे गीत फडक्यांच्या चालीत ध्वनिमुद्रित करायला परवानगी लागेलच, फक्त ती चालीपुरती लागेल.

आता कायद्याच्या मुख्य तरतुदीकडे येऊ. शब्दांच्या आणि चालीच्या मालकाला कायद्याच्या १४ व्या कलमाने अनेक हक्क दिले आहेत. त्यांतले दोन इथे महत्त्वाचे आहेत. एक, त्या कृतीचे ध्वनिमुद्रण करण्याचा हक्क. दुसरा, ती कृती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क. गायक स्टुडिओत जातो तेव्हा पहिल्या हक्काचा प्रश्न येतो. श्रोता मोबाइलवर गाणे लावतो तेव्हा दुसऱ्याचा येतो. स्ट्रीमिंग सेवा दुसऱ्या हक्काची सोय स्वतः करतात. कवी, संगीतकार आणि त्यांचे हक्क घेतलेल्या कंपन्या यांच्या वतीने काम करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून आहे आणि २०१७ मध्ये तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली. स्ट्रीमिंग सेवा अशा संस्थेशी आणि मोठ्या कंपन्यांशी करार करतात आणि गाणे ऐकवल्याचे पैसे देतात. म्हणूनच पुष्कळ गायक सांगतात, ‘पैसे तर स्पॉटिफाय भरते, मग मी वेगळे काय घ्यायचे?’ पण सेवेने भरलेले पैसे गाणे ऐकवण्याचे असतात. नवे ध्वनिमुद्रण करण्याची मुभा त्यातून गायकाला मिळत नाही. ती त्याला स्वतःच मिळवावी लागते, आणि स्टुडिओत जाण्याआधी मिळवावी लागते.

ही मुभा मूळ गायक देऊ शकत नाही. मूळ गायकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या गायनापुरता असतो. त्याचा आवाज आपण वापरत नसू, तर त्याची परवानगी कायद्याने लागत नाही. आदरापोटी त्याला कळवले, त्याचे आशीर्वाद घेतले, तर ती चांगलीच गोष्ट आहे. पण त्या आशीर्वादाने काम भागत नाही. संगीतकाराने फोनवर ‘खुशाल गा’ म्हटले, तरीही पुरत नाही. चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता असतो. निर्माता ते हक्क बहुधा संगीत कंपनीला देतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवीला आणि संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही, आणि तो बदल फार मोलाचा आहे. तरी परवानगी देण्याचा अधिकार ज्याच्या नावावर हक्क आहेत त्याचाच राहतो. संगीतकाराला पैसे मिळत राहतील, पण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे ते कंपनी म्हणेल.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, नाशिकच्या एका गायिकेला तीन गाण्यांचा छोटा संच काढायचा आहे: ‘मानापमान’मधले एक नाट्यपद, श्रीनिवास खळे यांच्या चालीतला तुकोबांचा एक अभंग आणि ‘सैराट’मधले एक गाणे. तिन्ही गाणी ती कार्यक्रमांत नेहमी गाते. कार्यक्रमात गाण्याचा परवाना हा वेगळा विषय आहे, तो आयोजकाने घ्यायचा असतो. लग्नसमारंभातल्या आणि धार्मिक विधीतल्या गाण्याला कायद्यात सूटही आहे. त्या सुटीचा ध्वनिमुद्रणाशी काही संबंध नाही. भजन आहे म्हणून ध्वनिमुद्रण मोकळे, असे होत नाही.

पहिले गाणे सर्वांत सोपे आहे. ‘संगीत मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या पदांवरचा हक्क २००८ अखेर संपला. चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, तो हक्क २०१५ अखेर संपला. टेंब्यांच्या चालीत खाडिलकरांचे पद गायला आता कोणाचीही परवानगी नको. तिने फक्त एक गोष्ट तपासायची: आपण जी चाल गातो आहोत ती मूळ आहे की नंतर कोणी बसवलेली? २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या ‘संगीत मानापमान’ या चित्रपटाला शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत आहे. त्या चित्रपटासाठी जे नवे रचले गेले, त्यावर आजचे हक्क आहेत. चित्रपट ऐकून पद बसवले असेल, तर ते मोकळे धरता येणार नाही. नाट्यसंगीताच्या एकाच कार्यक्रमात दोन्ही प्रकारची पदे शेजारी शेजारी येतात, हेही लक्षात ठेवायला हवे. ‘कट्यार काळजात घुसली’ला चाली देणारे जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले. त्या चालींवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत आहे.

दुसऱ्या गाण्यात अभंग तुकोबांचा आहे. गाथा सर्वांची आहे, तिच्यावर कोणाचा हक्क नाही. पण श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. त्यांची चाल २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. अभंग संतांचा म्हणजे गाणे मोकळे, या समजुतीने अनेक भक्तिगीते बिनधास्त चढवली जातात आणि मग कुठल्यातरी कंपनीची हरकत आली की गायकाला धक्का बसतो. आमच्या नाशिकच्या गायिकेपुढे दोन वाटा आहेत. खळ्यांची चाल हवी असेल, तर तिच्या मालकाकडून परवानगी घ्यायची. तीच ओवी किंवा अभंग वारीतल्या पारंपरिक चालीत गायचा असेल, किंवा तिने स्वतः नवी चाल लावली असेल, तर परवानगी लागत नाही. उलट नव्या चालीची मालक ती स्वतः होते. फक्त त्या नव्या चालीत खळ्यांच्या चालीची ओळखू येण्याजोगी जागा उचललेली नसावी.

तिसरे गाणे खऱ्या अर्थाने परवान्याचे आहे. ‘सैराट’ २०१६ मध्ये आला, संगीत अजय-अतुल यांचे आणि गाणी झी म्युझिक कंपनीने काढलेली. शब्द, चाल, ध्वनिमुद्रण, तिन्हींवर आज पूर्ण हक्क आहेत. आपल्या कायद्यात अशा गाण्यासाठी खास एक कलम आहे, ३१ सी, आणि त्यात ‘कव्हर व्हर्जन’ हेच शब्द आहेत. ते कलम नीट वाचण्यासारखे आहे, कारण त्याच्या नावावर इंटरनेटवर बरेच चुकीचे सल्ले मिळतात.

या कलमानुसार मालकाची मर्जी न विचारता कव्हर करता येते, पण अटी कडक आहेत. पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यावर पाच पूर्ण वर्षे थांबावे लागते. ‘सैराट’ची गाणी २०१६ ची धरली, तर २०२१ अखेरपर्यंत हे दार बंद होते. २०१२ पूर्वी ही मुदत दोनच वर्षांची होती आणि तेव्हाच्या तरतुदीचा आधार घेऊन कॅसेटच्या जमान्यात दुसऱ्या गायकांच्या आवाजातली चित्रपटगीते भरमसाट निघाली. मालकाला आणि कॉपीराइट निबंधकाला किमान १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आवरणाचा नमुना आधी पाठवावा लागतो. रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, आणि तीही वर्षाला किमान ५०,००० प्रतींची. ‘हे या कलमाखाली केलेले कव्हर आहे’ असे आवरणावर छापावे लागते. मूळ गायकाचे नाव किंवा चित्र आणि मूळ चित्रपटाचे नाव किंवा चित्र त्यावर येता कामा नये. शब्दांत आणि चालीत बदल करता येत नाही. मालकाच्या संमतीने आधी झालेला किंवा ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेला बदल तेवढा चालतो.

आवरणाबद्दल कायदा एवढा काटेकोर का, हे जुन्या भांडणांवरून कळते. ‘हम आपके है कौन’ १९९४ मध्ये आला, तेव्हा त्याच नावाने दुसऱ्या कंपनीची दुसऱ्या आवाजांतली कॅसेट बाजारात आली आणि मूळ कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ग्राहक मूळ समजून दुसरीच कॅसेट घरी नेत होता, ही तक्रार होती. आज कॅसेटचे वेष्टन राहिले नाही, पण स्ट्रीमिंगवरचा चौकोनी फोटो आणि गाण्याचे शीर्षक यांनी तीच जागा घेतली आहे. शीर्षकात मूळ गायकाचे नाव घातले की शोधात गाणे वर येते, हा मोह आजही तोच आहे. वितरकही अशी शीर्षके परत पाठवतात. कव्हरच्या शीर्षकात गाण्याचे नाव असावे, कलाकार म्हणून आपले नाव असावे, आणि गीतकार-संगीतकारांची नावे त्यांच्यासाठी असलेल्या रकान्यात पूर्ण आणि अचूक भरावीत. ती नावे चुकली की रॉयल्टी चुकीच्या माणसाकडे जाते किंवा कुठेच जात नाही.

मग गायिकेने ३१ सी वापरावे का? माझे मत स्पष्ट आहे: स्ट्रीमिंगसाठी या कलमावर विसंबून राहू नये. कलमाची सगळी भाषा प्रतींची, वेष्टनाची आणि विक्रीची आहे. शेवटचे ध्वनिमुद्रण ज्या माध्यमात झाले त्याच माध्यमात कव्हर काढावे, अशीही अट आहे. रॉयल्टीचा दर कॉपीराइट मंडळाने ठरवायचा होता. ते मंडळ २०१७ मध्ये दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झाले आणि ते न्यायाधिकरणही २०२१ मध्ये बंद होऊन काम न्यायालयांकडे गेले. ५०,००० प्रतींची किमान रक्कम आगाऊ भरणे एकट्या कलावंताला झेपणारे नाही. शिवाय न्यायालये अशा सक्तीच्या परवान्यांचा अर्थ ताणून लावत नाहीत. टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शेजारच्याच ३१ डी कलमाबद्दल निर्णय दिला, की प्रसारणासाठीचा सक्तीचा परवाना इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला लागू होत नाही. २०२२ मध्ये खंडपीठानेही तो कायम केला. तो निर्णय कव्हरबद्दल नव्हता, पण कॅसेटच्या काळातली तरतूद स्ट्रीमिंगवर परस्पर लावणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून दिसते.

म्हणून खरी वाट एकच राहते: मालकाकडून स्वेच्छेने मिळालेला लेखी परवाना.

मालक शोधण्याची सुरुवात गाण्याच्या पानापासूनच करता येते. स्ट्रीमिंग ॲपवर मूळ अल्बमच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ℗ आणि © ही चिन्हे, वर्ष आणि कंपनीचे नाव असते. ℗ म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क. शब्द आणि चालीचा मालक तोच असेल असे नाही, पण चौकशीचे पहिले दार ते असते. ‘सैराट’सारख्या अलीकडच्या चित्रपटात बहुधा एकच कंपनी सगळे सांभाळते. जुन्या भावगीताची गोष्ट वेगळी असते. एचएमव्हीच्या तबकड्यांचा वारसा आज सारेगामाकडे आहे, पण त्या काळी कवीने आणि संगीतकाराने कंपनीला नेमके काय लिहून दिले, हे प्रत्येक करारावर अवलंबून असते. काही वेळा शब्दांचे हक्क कवीच्या वारसांकडे आणि चालीचे कंपनीकडे निघतात. तेव्हा दोन परवाने लागतात, एका परवान्याने गाणे सुटत नाही. कवी, संगीतकार किंवा त्यांचे वारस आयपीआरएसचे सदस्य असतील, तर त्या संस्थेकडे कृतीची नोंद आणि हिस्सेदारांची माहिती असते. तिथे आधी विचारले की पुष्कळ पायपीट वाचते.

कंपनीच्या परवाना विभागाला ईमेल करताना गोलमोल लिहून उपयोग नाही. गाण्याचे नाव, चित्रपट, वर्ष, गीतकार, संगीतकार ही ओळख आधी द्यावी. मग आपल्याला काय करायचे आहे ते सांगावे: फक्त ऑडिओ की व्हिडिओही, शब्द-चाल तशीच ठेवणार की बदलणार, कोणत्या सेवांवर, किती वर्षांसाठी. सोबत मोबाइलवर केलेले साधे कच्चे ध्वनिमुद्रण जोडले, तर निर्णय घेणाऱ्याला आपला हेतू कळतो. उत्तर तीन प्रकारचे येऊ शकते. काही मालक एकरकमी शुल्क सांगतात. काही उत्पन्नात वाटा मागतात. काही म्हणतात, कव्हर आमच्याच वाहिनीवरून काढा, ध्वनिमुद्रणही आमचे राहील. तिसऱ्या प्रकारात गायिका आपल्याच गायनाच्या ध्वनिमुद्रणाची मालक राहत नाही, हे समजून मगच सही करावी. गाण्याला आधीच मोठी प्रसिद्धी असेल आणि आपले नाव नवीन असेल, तर हा सौदा कधीकधी परवडतोही. पण तो डोळे उघडे ठेवून केलेला असावा.

आलेल्या पत्रात दोन शब्द शोधावेत: मुदत आणि प्रदेश. कायद्याच्या १९ व्या कलमात एक नियम आहे आणि तो परवान्यांनाही लागू होतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर तो फक्त भारत धरला जातो. स्ट्रीमिंगवर गाणे पहिल्याच दिवशी दुबई, लंडन आणि न्यू जर्सीत पोचते. पत्रात ‘संपूर्ण जग’ असे स्पष्ट नसेल, तर आपल्याकडे भारतापुरताच परवाना आहे आणि वितरकाच्या अर्जात मात्र आपण सगळे देश निवडलेले आहेत. अशा वेळी एकतर पत्र दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर अर्जात देश मर्यादित करावेत. पाच वर्षांनी गाणे का उतरवले म्हणून हळहळणाऱ्यांनी मुदतीची ओळ आधी वाचलेली नसते.

बदलांचा मुद्दाही पत्रातच मिटवावा. पट्टी बदलणे, साथीला तबल्याऐवजी गिटार घेणे, लय थोडी कमी करणे याला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण मालकाने ते पत्रात मान्य केलेले बरे. मधे रॅप घालणे, दुसरे कडवे स्वतः लिहिणे, दोन गाणी एकत्र गुंफणे हे मात्र कव्हर राहत नाही. तिथे नव्या रूपांतराची परवानगी लागते, आणि कवीला किंवा संगीतकाराला आपल्या कृतीची मोडतोड झाल्याची तक्रार करण्याचा नैतिक हक्क स्वतंत्रपणे असतो. तो हक्क कंपनीला विकला तरी जात नाही. ‘झिंगाट’ याचे चांगले उदाहरण आहे. ‘धडक’ या २०१८ च्या हिंदी चित्रपटात त्याच चालीवर अमिताभ भट्टाचार्य यांचे हिंदी शब्द आहेत. मराठी कडव्याला जोडून ते हिंदी कडवे गायचे म्हटले, की चाल एक पण शब्दांच्या कृती दोन झाल्या. अर्जात दोन्हींचा उल्लेख हवा.

परवाना हातात आला तरी एक घोटाळा राहतो, तो कराओके ट्रॅकचा. गायिका नवीन वादक न बोलावता बाजारात मिळणारा तयार ट्रॅक वापरते. तो ट्रॅक हेही एक ध्वनिमुद्रण आहे आणि त्याचा मालक तो बनवणारा आहे. कार्यक्रमात वापरायला विकत घेतलेला ट्रॅक व्यावसायिक प्रसिद्धीसाठी चालेलच असे नाही. बहुतेक वेळा तो चालत नाही. शिवाय तोच ट्रॅक शंभर गायकांनी वापरलेला असतो. सेवांची ध्वनी ओळखणारी यंत्रणा त्यांतल्या पहिल्याची नोंद धरते आणि आपल्या गाण्यावर दुसऱ्याच गायकाचा दावा येतो. मूळ गाण्यातले संगीत कापून वापरणे तर सरळ मूळ ध्वनिमुद्रणाचे उल्लंघन आहे. स्वतःचे वादक घेतले, तर त्यांच्याकडूनही मोबदल्याच्या पावतीसोबत दोन ओळींचे लेखी संमतीपत्र घ्यावे. मग नव्या ध्वनिमुद्रणाचा ℗ आपल्या नावावर लावता येतो.

व्हिडिओचा परवाना वेगळा असतो. गाण्यावर चित्र जुळवले, मग तो गायिकेचा साधा स्टुडिओतला व्हिडिओ का असेना, की आणखी एक परवानगी लागते. ऑडिओच्या पत्रात ती आपोआप येत नाही. यूट्यूबवर अनेक कव्हर टिकतात, ते परवानगीमुळे नव्हे. यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखते, मालक त्या व्हिडिओवर दावा नोंदवतो आणि जाहिरातीचे पैसे बहुधा मालकाकडे वळतात. मालकाने ते राहू दिले आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याने उद्या मन बदलले, तर व्हिडिओ जातो. स्पॉटिफायवर तशी दाव्याची मधली सोय नाही. तिथे हरकत आली की गाणे सरळ उतरते, साठलेले उत्पन्न वितरक रोखून ठेवू शकतो आणि वारंवार हरकती आल्या तर गायकाचे खातेच बंद होऊ शकते. तेव्हा त्यावरची तिची स्वतःची, मोकळी गाणीही जातात. आणि कायद्याच्या ६३ व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. कव्हरसाठी गायकाला तुरुंगात पाठवायला सहसा कोणी जात नाही, पण नोटिशीत हे कलम हटकून येते.

परदेशात राहणाऱ्या मराठी गायकांनी एक फरक लक्षात घ्यावा. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानंतर, १ जानेवारी २०२१ पासून, स्ट्रीमिंग सेवा ‘मेकॅनिकल लायसेन्सिंग कलेक्टिव्ह’ या संस्थेकडून सरसकट परवाना घेतात आणि शब्द-चालीची ती रॉयल्टी तीच संस्था वाटते. तिथल्या वितरकांच्या अर्जात कव्हरसाठी वार्षिक शुल्क भरण्याची सोय दिसते, ती त्या देशाच्या सक्तीच्या परवान्याच्या व्यवस्थेवर उभी आहे. ती व्यवस्था अमेरिकेपुरती आहे आणि ऑडिओपुरती. ते शुल्क पुण्यात बसून भरले, तरी पुण्यात केलेल्या ध्वनिमुद्रणाला भारतातला परवाना त्यातून मिळत नाही. वितरकाच्या मदत पानावर ही मर्यादा लिहिलेली असते. ती वाचावी.

नाशिकच्या गायिकेचा संच मग असा निघेल: नाट्यपद लगेच, कोणालाही न विचारता, गीतकार खाडिलकर आणि संगीतकार टेंबे यांची नावे रकान्यात लिहून. अभंग पारंपरिक चालीत असेल तर तोही लगेच, खळ्यांच्या चालीत असेल तर पत्र आल्यावर. ‘सैराट’चे गाणे कंपनीच्या लेखी परवान्यानंतरच. वितरकाच्या अर्जात तिन्ही गाण्यांपुढे वेगवेगळे उत्तर येईल. कंपनीचे उत्तर यायला आठवडे, कधी महिने लागतात आणि कधी ते येतच नाही. उत्तर न येणे म्हणजे संमती नव्हे. म्हणून स्टुडिओची तारीख घेण्याआधी ईमेल पाठवा, उत्तर आले की मुदत, प्रदेश, बदल आणि व्हिडिओ या चार गोष्टी त्यात तपासा, आणि ते पत्र गाणे जोवर वर आहे तोवर जपून ठेवा.